मार्च एंडच्या आधी साहेबांशी बोलायचं कसं?

आमच्या बचतगटांतल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना पतसंस्थांमध्ये कामाला आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बाजारपेठेच्या गावी एखादी तरी पतसंस्था असतेच, आणि तिच्या काउंटरवर बहुतेक वेळा आपल्यातलीच कोणीतरी बसलेली असते. फेब्रुवारी उजाडला की या घरांमध्ये एकच शब्द ऐकू येतो, मार्च एंड. काम वाढत जातं, पोरगी रोज उशिरा येते, आणि २५ मार्चच्या सुमाराला कधीतरी साहेबांसमोर तिचा बांध फुटतो, "मला नाही होत हे." पण तेव्हा साहेबांच्या हातात करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. हेच वाक्य फेब्रुवारीत, वेगळ्या शब्दांत आणि हिशेबासकट सांगितलं, तर त्यातून मार्ग निघू शकतो. ते कसं सांगायचं, हे आज आपण एका संवादातून बघू.

हा संवाद नमुन्याचा आहे. कोणत्या एका संस्थेत घडलेला नाही. आकडेही समजावून सांगण्यापुरते घेतले आहेत. कराड-पलूस पट्ट्यातली एक शाखा धरा. तिथं एक व्यवस्थापक, एक कॅशियर, एक क्लार्क, एक शिपाई आणि तीन पिग्मी एजंट आहेत. आपली ताई म्हणजे ती क्लार्क.

बोलायच्या आधी मोजायचं

साहेबांकडे जायच्या आधी ताईनं एक आठवडा वहीत टिपून ठेवलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मधली अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी सोडली, तर कामाचे साडेसात तास होतात. त्यातले पाच तास रोजच्या कामात जातात. भरणा घेणं, पासबुक भरून देणं, व्हाउचर करणं, पिग्मीची नोंद आणि संध्याकाळी दिवसाचा हिशेब जुळवणं, हे सगळं त्यात आलं. म्हणजे मार्चच्या खास कामाला दिवसाचे अडीच तास उरले. सुट्ट्या वगळून ३१ मार्चपर्यंत ३४ दिवस होते. चौतीस गुणिले अडीच, म्हणजे ८५ तास.

आता कामं किती होती? थकबाकीदारांना १८० नोटिसा काढायच्या होत्या. एका नोटिशीला किती वेळ लागतो हे अंदाजानं सांगायचं नाही. ताईनं घड्याळ लावून दहा नोटिसा केल्या, त्याला अडीच तास लागले. म्हणजे एकीला पंधरा मिनिटं आणि सगळ्यांचे ४५ तास. मग कलम १०१ च्या बारा फाइली होत्या. कर्जदार दाद देत नसेल, तर सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यातल्या या कलमाखाली संस्था निबंधकांकडे वसुलीचा दाखला मागते. एका फाइलीला कर्जाचा उतारा, रोखा, जामीनदारांची कागदपत्रं, आधी दिलेल्या नोटिसा असं सगळं लावायला तीन तास, म्हणून ३६ तास. मुदत संपलेल्या ठेव पावत्यांचं नूतनीकरण २४ तास. सभासद, ठेव आणि कर्जाच्या याद्या खतावणीशी जुळवायला २० तास. आणि ३०० सभासदांची केवायसी, दहा मिनिटांनी एक, म्हणजे ५० तास. एकूण १७५ तास झाले. हातात ८५, कमी पडतात ९०.

कागदावर एवढंच पाच ओळींत लिहायचं. मैत्रिणींनो, हिशेब समोर मांडला की वरची माणसं ऐकतात, याचा दाखला आपल्याच माणदेशात आहे. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायला परवाना मागितला, तेव्हा तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही म्हणून तो आधी नाकारला गेला. त्या बायका शिकायला बसल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्यांनी विनवणी केली नाही, हिशेब करून दाखवायची तयारी दाखवली.

वेळ आणि जागा

बोलायला ताईनं फेब्रुवारीचा मध्य निवडला, त्याला कारण आहे. तिच्या संस्थेत संचालक मंडळाची सभा दर महिन्याच्या २० तारखेला होते. व्यवस्थापकाला जादा माणूस मागायचा असो की एखाद्या कामाची मुदत वाढवून घ्यायची असो, तो विषय त्या सभेतच जातो. २० फेब्रुवारीची सभा हुकली, तर पुढची थेट २० मार्चला. तोवर सगळ्याच शाखा गळ्यापर्यंत बुडालेल्या असतात, कोणीही आपला माणूस सोडत नाही. तुमच्या कामाच्या जागीही अशी एक तारीख असते. आधी ती शोधायची.

जागा म्हणाल तर काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर हे बोलायचं नाही. संध्याकाळी कॅश जुळल्यावर, साहेबांच्या केबिनमध्ये.

संवाद

ताई: साहेब, मार्चच्या कामाबद्दल दहा-पंधरा मिनिटं बोलायचं होतं. आत्ता बोलू, की उद्या येऊ?

साहेब: बोला की. काय झालं?

ताई: माझ्याकडची मार्चची कामं मी मोजून काढली. ती १७५ तासांची आहेत. काउंटर सांभाळून माझ्याकडे ८५ तास उरतात. असंच चाललं तर ३१ मार्चला निम्मं काम राहिलेलं असेल. ते शेवटच्या आठवड्यात कळण्यापेक्षा आजच तुमच्या कानावर घालावं म्हणून आले.

बघा, तीनच वाक्यांत सगळं आलं. काम किती, वेळ किती आणि पुढं काय होणार. यात "मी दमले" नाही, "माझ्यावरच अन्याय होतो" असंही नाही. दमणं खरंच असतं, पण त्यावर साहेब सहानुभूती दाखवून मोकळे होतात. ९० तासांच्या तुटीवर मात्र त्यांना काहीतरी ठरवावं लागतं.

साहेब: अहो ताई, मार्च सगळ्यांनाच असतो. गेल्या वर्षी झालंच की.

ताई: झालं साहेब. पण गेल्या वर्षी आम्ही क्लार्क दोघी होतो. नोव्हेंबरात एक जण सोडून गेली, तिच्या जागी कोणी आलं नाही. आणि केवायसी या वर्षी नवीन वाढलीय.

"गेल्या वर्षी झालं" हे उत्तर हमखास येतं, म्हणून गेल्या वर्षी आणि या वर्षी काय बदललं ते आधीच शोधून ठेवायचं. माणसं कमी झाली का, खाती वाढली का, नवं काम आलं का. वाद घालायची गरज पडत नाही, फरक तेवढा सांगायचा.

साहेब: पण नोटिसांना ४५ तास? छापील नमुना आहे, प्रिंट तर मारायची.

ताई: दहा नोटिसा घड्याळ लावून केल्या साहेब. बाकी आणि व्याज तपासायचं, कर्जदार आणि दोन जामीनदारांचे पत्ते बघायचे, तीन पाकिटं करायची, पोस्टाच्या पावत्या लावायच्या, रजिस्टरला चढवायचं. प्रिंटचं एक मिनिट, बाकीची चौदा यात जातात.

बऱ्याचदा साहेबांना काम माहीत असतं, पण त्यातल्या पायऱ्या माहीत नसतात. पायऱ्या सांगितल्या की आकडा पटतो.

साहेब: मग थोडं उशिरापर्यंत थांबत चला. महिन्याचा तर प्रश्न आहे.

ताई: शेवटचे दोन-तीन दिवस मी थांबेनच. पण ९० तास भरून काढायचे तर चौतीसही दिवस रोज दोन तास चाळीस मिनिटं थांबावं लागेल. म्हणजे निघायला पावणेनऊ. त्या वेळी आमच्याकडची एसटी नसते. आणि एवढ्या उशिरा केलेल्या नोंदींत चुका होणार. पैसे भरलेल्या माणसाला नोटीस गेली, तर तो इथं येऊन भांडेल, आणि जामीनदार पुढच्या वेळी सही करणार नाही.

इथं ताईनं घरची अडचण एका वाक्यात सांगितली आणि लगेच संस्थेचं नुकसान काय ते सांगितलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगायला हवं. पण नुसती घरची अडचण सांगितली, तर "तुमचं घरचं तुम्ही बघा" असं उत्तर येतं.

साहेब: मग तुमचं म्हणणं काय? काम करायचं नाही?

ताई: करायचंय साहेब. फक्त ३१ मार्चच्या आत कोणतं झालंच पाहिजे आणि कोणतं पुढं गेलं तरी चालेल, हे तुम्ही ठरवून द्या. मी तीन गोष्टी सुचवते. एक, ३०० केवायसी एप्रिल ते जूनमध्ये केल्या तर ५० तास सुटतात. दोन, १०१ च्या बारापैकी पाच फाइलींचे कागद पूर्ण आहेत, त्या आता पाठवू. सात एप्रिलमध्ये. तिथं २१ तास सुटतात. तीन, थकबाकीदारांपैकी साठ जणांचं कारखान्याचं बिल मार्चच्या मध्यापर्यंत यायचंय. त्यांना नोटिशीऐवजी पिग्मी एजंट घरी जाऊन सांगतील, तुम्ही फोन कराल. नोटिसा १२० राहतात, आणखी १५ तास सुटतात. मग १७५ चे ८९ होतात. वरचे चार तास मी शेवटच्या दिवसांत काढते.

मैत्रिणींनो, सगळ्या संवादाचा जीव या बोलण्यात आहे. कोणतं काम मागं ठेवायचं हे ताईनं मनानं ठरवलं नाही, त्या कामाचं स्वरूप बघून ठरवलं. १०१ ची फाइल आज पाठवली म्हणून पैसे ३१ मार्चच्या आत येत नाहीत, निबंधकांकडे नोटीस, सुनावणी यात महिने जातात. त्यामुळे ती एप्रिलमध्ये गेली तरी या वर्षाच्या वसुलीत फरक पडत नाही. फक्त ज्या फाइलीची कायद्यातली मुदत संपत आली असेल, ती मागं ठेवता येत नाही, तेवढं बघून घ्यावं लागतं. उलट याद्या जुळवणं आणि व्याजाच्या नोंदी ३१ मार्चच्या तारखेला बांधलेल्या आहेत. ताळेबंद आणि लेखापरीक्षण त्यावरच उभं राहतं, म्हणून त्या यादीतून ताईनं एक तासही कमी केला नाही. आणि आपल्या भागात ऊस आणि द्राक्षाचे पैसे याच महिन्यांत हातात येतात. ज्याचं बिल दहा दिवसांत येणार आहे, त्याच्याकडे वेळेवर गेलेला एजंट नोटिशीपेक्षा जास्त कामाचा.

साहेब: केवायसी हेड ऑफिसनं मार्चअखेर सांगितलीय. ते माझ्या हातात नाही.

ताई: म्हणून तर आज आले. २० तारखेला सभा आहे. हा कागद तुम्ही सोबत नेऊ शकता. एक तर केवायसीला जूनअखेरची मुदत मिळावी, नाहीतर दुसऱ्या शाखेतलं कोणी आठवड्यातून दोन दिवस इथं यावं. सहा आठवड्यांत बारा दिवस होतात, तेवढ्यात ५० तासांचं काम निघतं.

साहेबांवरही वरून दबाव असतो. त्यांना मंडळासमोर काय मागायचं हे तयार करून दिलं, तर त्यांचं काम सोपं होतं. त्यातही दोन पर्याय द्यायचे. एकच मागणी असली की "नाही" म्हणून विषय संपतो.

साहेब: बरं. बघू.

ताई: ठीक आहे साहेब. सभेनंतर २१ तारखेला सकाळी मी विचारते. तोपर्यंत याद्या आणि नोटिसा आधी घेते, केवायसीला हात लावत नाही. चालेल ना?

साहेब: चालेल.

"बघू" म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. त्याला एक तारीख जोडायची आणि तोपर्यंत काय करणार हे सांगून "चालेल" म्हणवून घ्यायचं. नाहीतर तो कागद टेबलाच्या काचेखाली मार्च काढतो.

त्याच संध्याकाळी लिहून द्यायचं

तोंडी बोलणं महिनाभरानं दोघांनाही वेगवेगळं आठवतं. म्हणून ताईनं घरी जाताना साहेबांना व्हॉट्सॲपवर हे चार ओळींचं पत्र पाठवलं:

"साहेब, आज बोलल्याप्रमाणे मार्चचं काम १७५ तास आणि उपलब्ध वेळ ८५ तास आहे. केवायसी आणि कलम १०१ च्या सात फाइली पुढं नेण्याबद्दल २० तारखेच्या सभेत विषय मांडणार असं ठरलं. तोपर्यंत याद्या जुळवणं आणि नोटिसा ही कामं आधी घेत आहे. १० मार्चला किती काम झालं याचा आढावा एकत्र घेऊ."

यात तक्रार नाही, नुसती नोंद आहे. १० मार्चचा आढावा मुद्दाम घातला आहे. शेवटच्या आठवड्यात काउंटरवर गर्दी उसळते आणि रोजचे अडीच तास एका तासावर येतात, त्यामुळे ८५ तासांचा हिशेब तेव्हा तोकडा पडू लागतो. १० तारखेला गाडी मागं पडल्याचं कळलं, तर अजून तीन आठवडे हातात असतात.

आणि साहेबांनी ऐकलंच नाही तर?

तसंही होतं. "सगळं झालंच पाहिजे" असं उत्तर आलं, तर एकच प्रश्न विचारायचा, "मग पहिलं कोणतं घेऊ, दुसरं कोणतं?" आणि जो क्रम मिळेल तो लिहून पाठवायचा. काम मागं राहिलं, तर कोणतं राहील हे आधी सांगितलेलं होतं, एवढं तरी कागदावर राहतं.

काम खरंच हाताबाहेर गेलंय हे ओळखायच्या खुणा आहेत. दिवसाचा हिशेब त्याच दिवशी न जुळता उद्यावर जायला लागतो. व्हाउचरवर सह्या मागाहून घेतल्या जातात. आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे साहेब म्हणतात, "माझा पासवर्ड घ्या आणि नोंदी तुम्हीच पास करा, वेळ वाचेल." मैत्रिणींनो, इथं मात्र थांबायचं. नोंद एकानं करायची आणि दुसऱ्यानं तपासून पास करायची, ही व्यवस्था चूक पकडण्यासाठी असते. दोन्ही एकाच हातानं झालं, की हिशेबातला फरक निघाल्यावर बोट आपल्याकडेच येतं, आणि साहेबांनीच सांगितलं होतं हे सिद्ध करायला आपल्याजवळ काही नसतं. तेव्हा म्हणायचं, "साहेब, नोंदी मी करून ठेवते, पास करायला तुम्ही सहा वाजता अर्धा तास बसा." काम अडत नाही आणि जबाबदारी जिथल्या तिथं राहते.

कायद्याचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, आणि जादा वेळेला दुप्पट दरानं पैसे आहेत. ताईचा आठवडा आधीच ४५ तासांचा. रोज दोन तास चाळीस मिनिटं जास्त थांबली तर तो ६१ तासांवर जातो. थोडीच माणसं असलेल्या शाखेला किंवा दुकानाला हा कायदा पूर्णपणे लागू होत नाही, त्यामुळे पहिल्याच बोलण्यात त्याची धमकी देण्यात अर्थ नाही. पण जादा बसावंच लागलं, तर त्या तासांची तारीखवार नोंद वहीत ठेवायची आणि ते पैसे किंवा बदली रजा याबद्दल आधीच विचारून घ्यायचं. मार्च सरल्यावर विचारलं की "तेव्हा का नाही बोललात" असं ऐकावं लागतं.

गटाच्या पुढच्या मासिक बैठकीत वीस मिनिटं काढा. एकीनं साहेब व्हा, एकीनं ताई. साहेब झालेलीनं "गेल्या वर्षी झालं की", "थोडं थांबा", "बघू" ही तिन्ही उत्तरं द्यायचीच. ज्यांच्या लेकी-सुना कामाला आहेत, त्यांनी हा हिशेबाचा कागद घरी नेऊन त्यांचे आकडे भरून घ्या. तुमच्या शाखेची सभा कोणत्या तारखेला असते, ते त्या कागदावर सगळ्यात वर लिहा.